प्रकल्पाचा खर्च नेमका कशामुळे वाढतो? संवेदनशीलता विश्लेषण आणि टॉर्नेडो आकृती कशी करावी

अंदाजपत्रकाच्या शेवटी एक बेरीज असते आणि ती पाहणाऱ्याला खर्च ठरून गेल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या बेरजेमागचे काही आकडे मोजलेले असतात, काही बाजारभावावरून घेतलेले असतात आणि काही निव्वळ अंदाजाने टाकलेले असतात. यांपैकी कोणता आकडा चुकला तर एकूण खर्च सर्वाधिक हलेल, हे शोधण्याच्या रीतीला संवेदनशीलता विश्लेषण म्हणतात. त्याचे उत्तर एका चित्रात मांडले की टॉर्नेडो आकृती तयार होते. हे काम साध्या स्प्रेडशीटमध्ये होते. कस लागतो तो आकडेमोडीत नव्हे, तर प्रत्येक आकड्याची खालची आणि वरची मर्यादा ठरवताना.

उदाहरणासाठी गावाच्या पाणीपुरवठ्याची ६ किलोमीटर लांबीची जलवाहिनी घेऊ. पुढील सर्व दर समजावून सांगण्यापुरते मानलेले आहेत. आपल्या कामात चालू दरसूची आणि स्थानिक भाव वापरावेत. महाराष्ट्राच्या पठारी भागात अशा कामातील खरी अडचण जमिनीखाली असते. वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली बेसॉल्टचा कठीण खडक असतो, पण तो किती खोलीवर लागेल हे शेदोनशे मीटरच्या अंतरातही बदलते. मुरूम यंत्राने भराभर निघतो, तर कठीण खडकाला ब्रेकर लावावा लागतो आणि त्याचा दर कित्येक पटींनी जास्त असतो.

पहिली पायरी: खर्चाचे सूत्र लिहावे

खर्च ज्या घटकांवर अवलंबून आहे, त्या प्रत्येकाला स्वतंत्र रकाना द्यावा. आपल्या उदाहरणात लांबी ६००० मीटर (B2), पाइपचा दर मीटरला ४०० रुपये (B3), चराचे घनफळ ३६०० घनमीटर, म्हणजे ०.६ मीटर रुंदी आणि १ मीटर खोली (B4), त्यातील कठीण खडकाचा वाटा २५ टक्के (B5), मुरमाच्या खोदाईचा दर घनमीटरला १५० रुपये (B6), कठीण खडकाचा दर ९०० रुपये (B7), पाइप टाकण्याचा व जोडणीचा दर मीटरला ९० रुपये (B8), कामाचा कालावधी ५ महिने (B9), देखरेख, भाडी व साइटवरचा इतर खर्च महिन्याला १,२०,००० रुपये (B10) आणि व्हॉल्व्ह, चेंबर यांसारख्या ठरलेल्या बाबी ६,००,००० रुपये (B11) असे मानू. एकूण खर्चाचे सूत्र असे होते:

```
=B2*B3 + B4*((1-B5)*B6 + B5*B7) + B2*B8 + B9*B10 + B11
```

उत्तर ५३,५५,००० रुपये, म्हणजे ५३.५५ लाख येते. हा आपला मूळ अंदाज. सूत्राच्या आत एकही आकडा थेट टाइप केलेला नसावा. खडकाचा दर ९०० असा सूत्रातच लिहिला गेला, तर B7 कितीही बदलला तरी बेरीज हलणार नाही आणि तो घटक निरुपद्रवी असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघेल. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येक रकाना थोडा बदलून बेरीज खरोखर हलते का, हे तपासून घ्यावे.

दुसरी पायरी: प्रत्येक घटकाची मर्यादा ठरवावी

प्रत्येक घटक सरसकट १० टक्क्यांनी वर-खाली करून पाहण्याची पद्धत बरीच रूढ आहे. ती सोपी आहे, पण आपल्या प्रश्नाचे उत्तर ती देत नाही. या उदाहरणात तसे केले, तर पाइपच्या दराने खर्चात ४.८० लाखांचा फरक पडतो आणि खडकाच्या वाट्याने अवघा १.३५ लाखांचा, त्यामुळे सगळी काळजी पाइपच्या भावाकडे वळते. परंतु पाइपचा भाव पुरवठादाराकडून आजच लेखी मागवता येतो, तर खडक २५ टक्क्यांऐवजी ५० टक्के लागला तरी त्या भागात कोणालाही नवल वाटणार नाही. सरसकट १० टक्क्यांचा हिशेब प्रत्येक घटकाचे बेरजेतील वजन दाखवतो; आपण त्या घटकाबद्दल किती अंधारात आहोत, हे त्यातून कळत नाही.

म्हणून प्रत्येक घटकाला त्याच्या स्वतःच्या अनिश्चिततेइतकी मर्यादा द्यावी. अशी दहा कामे केली, तर त्यांतील एखाद्याच कामात आकडा ज्याच्या खाली जाईल ती खालची मर्यादा आणि एखाद्याच कामात ज्याच्या वर जाईल ती वरची मर्यादा धरावी. हा निकष सर्व घटकांना सारखाच लावावा. एका घटकाला कल्पनेतला सर्वांत वाईट आकडा आणि दुसऱ्याला नेहमीचा चढउतार दिला, तर दोघांची तुलनाच होत नाही. मर्यादा मूळ आकड्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असण्याची गरज नाही. कालावधी ५ महिन्यांचा ४ वर येणे शक्य असते, पण वरच्या बाजूला तो ८ पर्यंत सहज जातो.

हे आकडे ज्याला ते ठाऊक आहेत त्यालाच विचारावेत: खडकाचा वाटा त्याच परिसरात विहिरी आणि चर खोदलेल्या पोकलेनचालकाला, पाइपचा दर पुरवठादाराला, कालावधी साइट सांभाळणाऱ्याला. विचारताना आधी टोकाचे आकडे घ्यावेत आणि मधला शेवटी घ्यावा, कारण मधला आकडा एकदा तोंडातून निघाला की माणूस टोकेही त्याच्या जवळपासच सांगतो.

तिसरी पायरी: एका वेळी एकच घटक हलवावा

बाकी सर्व घटक मूळ आकड्यांवर ठेवून एकच घटक खालच्या मर्यादेवर न्यावा आणि एकूण खर्च नोंदवावा. मग तोच वरच्या मर्यादेवर नेऊन पुन्हा नोंदवावा. पुढच्या घटकाकडे जाण्यापूर्वी तो मूळ आकड्यावर परत आणून बेरीज ५३.५५ लाखांवर आली का, हे पाहावे. हे राहून गेले, तर पुढच्या सगळ्या ओळी बिघडतात. एकूण खर्चाच्या दोन टोकांमधील अंतर म्हणजे त्या घटकाचा पल्ला. पल्ल्याच्या उतरत्या क्रमाने लावलेले उत्तर असे दिसते:

| घटक | मर्यादा | एकूण खर्च (लाख रुपये) | पल्ला (लाख रुपये) |
|---|---|---|---|
| कठीण खडकाचा वाटा | १० ते ५० टक्के | ४९.५० ते ६०.३० | १०.८० |
| पाइपचा दर | ३७० ते ४६० रुपये | ५१.७५ ते ५७.१५ | ५.४० |
| कालावधी | ४ ते ८ महिने | ५२.३५ ते ५७.१५ | ४.८० |
| कठीण खडकाचा दर | ७५० ते १२०० रुपये | ५२.२० ते ५६.२५ | ४.०५ |
| पाइप टाकण्याचा दर | ८० ते १०५ रुपये | ५२.९५ ते ५४.४५ | १.५० |

चौथी पायरी: आकृती काढावी

एक्सेलमध्ये घटकांची नावे आणि त्यांच्यासमोर खालचा व वरचा एकूण खर्च रुपयांत असे तीन स्तंभ निवडून Clustered Bar हा आलेख घ्यावा. पट्ट्यांवर राइट-क्लिक करून Format Data Series मध्ये Series Overlap १०० टक्के करावे, म्हणजे प्रत्येक घटकाच्या दोन्ही पट्ट्या एकाच ओळीत येतात. आडव्या अक्षाच्या Format Axis मध्ये Vertical axis crosses खाली Axis value निवडून 5355000 लिहावे. त्यामुळे सर्व पट्ट्या मूळ अंदाजाच्या रेषेपासून डावी-उजवीकडे निघतात. उभ्या अक्षाला Categories in reverse order निवडले की सर्वांत लांब पट्टी वर येते, आणि Label Position ला Low दिले की नावे पट्ट्यांवर न चढता कडेला राहतात. वर रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी ही आकृती चक्रीवादळाच्या सोंडेसारखी दिसते.

वाचताना केवळ लांबी पाहू नये, पट्टी कोणत्या बाजूला झुकली आहे तेही पाहावे. कालावधीची पट्टी डावीकडे १.२० लाख आणि उजवीकडे ३.६० लाख जाते. म्हणजे वेळेने बचत थोडी होईल, पण फटका मोठा बसेल. एखाद्या घटकाच्या दोन्ही पट्ट्या रेषेच्या एकाच बाजूला आल्या, तर बहुधा सूत्रात चूक असते किंवा मागचा घटक मूळ आकड्यावर आणायचा राहिलेला असतो.

आकृतीत न दिसणाऱ्या गोष्टी

टॉर्नेडो आकृती घटकांना एकेकटे हलवते, साइटवर मात्र ते जोडीने हलतात. खडकाचा वाटा ५० टक्क्यांवर गेल्याने खर्च ६.७५ लाखांनी वाढतो आणि खडकाचा दर १२०० झाल्याने २.७० लाखांनी, दोन्हींची बेरीज ९.४५ लाख होते. पण दोन्ही एकाच वेळी घडले, तर वाढ १२.१५ लाखांची असते, कारण जास्त झालेल्या खडकालाही वाढीव दर लागतो. वरच्या एक-दोन घटकांचा सूत्रात एकमेकांशी गुणाकार होत असेल, तर त्यांची जोडी अशी वेगळी तपासून पाहावी.

दुसरी बाब म्हणजे खडक जास्त लागला की कामही लांबते. हे दोन घटक स्वतंत्र मानण्यापेक्षा १० टक्के खडकासोबत ४ महिने आणि ५० टक्के खडकासोबत ८ महिने अशी एकच पट्टी काढणे वास्तवाला अधिक धरून होते. तिचा विस्तार ४८.३० ते ६३.९० लाख इतका होतो. सर्व पट्ट्यांची उजवी टोके एकत्र करून त्याला ‘जास्तीत जास्त खर्च’ मात्र म्हणू नये. खर्च अमुक रकमेच्या वर जाण्याची शक्यता किती, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी सर्व घटक एकाच वेळी यादृच्छिकपणे बदलून हजारो वेळा हिशेब करणारी माँटे कार्लो पद्धत वापरावी लागते.

पाचवी पायरी: वरच्या पट्टीवर काम करून आकृती पुन्हा काढावी

आपल्या आकृतीने बोट दाखवले ते खडकाच्या वाट्याकडे. त्यावर उपाय म्हणजे निविदेपूर्वी मार्गावर दर १५० मीटरला एक याप्रमाणे सुमारे ४० चाचणी खड्डे घ्यावेत. खड्ड्याला १,५०० रुपये धरले, तर हा खर्च ६०,००० रुपये होतो आणि तो १०.८० लाखांच्या पल्ल्यासमोर किरकोळ आहे. समजा, खड्ड्यांवरून खडकाचा वाटा ३५ टक्के आणि मर्यादा ३० ते ४० टक्के अशी ठरली. आता मूळ अंदाज, खड्ड्यांचा खर्च वगळता, ५६.२५ लाखांवर जातो, म्हणजे वाढतो. पण खडकाच्या वाट्याचा पल्ला १०.८० वरून २.७० लाखांवर येतो.

नव्या आकृतीत सर्वांत वर पाइपचा दर येईल असे वाटेल, पण तसे होत नाही. खडक वाढल्यामुळे त्याच्या दराचा पल्ला ४.०५ वरून ५.६७ लाख होतो आणि पाइपच्या ५.४० लाखांना किंचित मागे टाकून तो पहिल्या क्रमांकावर येतो. त्यामुळे निविदेत कठीण खडकाच्या खोदाईसाठी घनमीटरमागे स्वतंत्र दर मागवावा, तो काम संपेपर्यंत न बदलण्याची अट घालावी, आणि चर बुजवण्यापूर्वी मुरूम व खडक यांची मोजणी अभियंता आणि कंत्राटदार यांनी मिळून नोंदवावी.