कुठे बघायचं आणि कधी बघायचं: नियंत्रणाचा प्रश्न मला दूध केंद्रात कळला तो असा

मी आता सांगलीत विश्रामबागेत बारावी कॉमर्स आणि बी.कॉम.च्या मुलांना व्यवस्थापन शिकवते. त्याआधी विट्याच्या बाजूला एका खासगी दूध शीतकरण केंद्रात तीन वर्षं शिफ्ट इन्चार्ज होते. नियंत्रणाच्या धड्यात ‘निर्णायक बिंदू नियंत्रण’ आणि ‘अपवादात्मक व्यवस्थापन’ या दोन गोष्टी येतात, आणि मुलं हमखास त्यांची सरमिसळ करतात. दोन्हींच्या व्याख्या पाठ असतात, पण उदाहरण दिलं की ते कुठल्या खात्यात टाकायचं हे कळत नाही. मलाही कळत नव्हतं. मला ते केंद्रात कळलं, ते इथे सांगते.

नवीन असताना मी रोज रात्री सव्वीस नोंदी तपासायचे. कॅन धुण्याचं पाणी, डिझेलचं रजिस्टर, हजेरी, फोनचं बिल, पावती पुस्तकं, टाकीचं तापमान, सगळंच. प्रत्येक नोंदीला साधारण सारखाच वेळ जायचा, म्हणजे टाकीच्या तापमानाला जेवढा, तेवढाच पावती पुस्तकाला. आमच्या मॅनेजर साहेबांनी एकदा वही बघितली आणि विचारलं, “ताई, यातली कुठली चार चुकली तर केंद्र बंद पडेल?” मला लगेच उत्तर देता आलं नाही. मग आम्ही दोघांनी बसून चार काढली: टाकीचं तापमान, फॅटचा ताळा म्हणजे घेतलेली फॅट आणि प्लांटवर लागलेली फॅट यांचा मेळ, कॅनची स्वच्छता आणि वीज.

हे चार ठरवणं म्हणजे निर्णायक बिंदू नियंत्रण. पुस्तकात त्यांना की रिझल्ट एरिया म्हणतात. इथे प्रश्न असतो ‘कुठे बघायचं’. तो आकडे यायच्या आधीच सोडवायचा असतो, कारण एकदा आकडे समोर आले की नजर मोठ्या टक्क्याकडेच जाते.

त्यानंतर प्रत्येक बिंदूला सूट ठरवली, म्हणजे ठरलेल्या आकड्यापासून किती विचलन, किती फरक चालेल ते: फॅटमध्ये अर्धा टक्का, विजेत पाच टक्के, असं. सुटीच्या आतलं विचलन शिफ्टवाल्यांनी आपलं आपण बघायचं, बाहेर गेलं तरच साहेबांना फोन. हे अपवादात्मक व्यवस्थापन. इथे प्रश्न असतो ‘कधी बघायचं’. फ्रेडरिक टेलरने १९०३ मध्येच हे अपवादाचं तत्त्व मांडलं होतं. रोजचं काम खालच्यांनी सांभाळायचं आणि वरच्याकडे फक्त नेहमीपेक्षा वेगळं तेवढंच जायचं.

आता माझ्या क्लासमध्ये मी देते ते उदाहरण. आकडे सोपे धरलेत. महिनाअखेर चार विचलनं समोर आहेत. स्टेशनरी-फोनचा खर्च ४,००० वरून ५,२०० झाला, म्हणजे ३० टक्के वाढ. मजुरी १ टक्का वाढली, सूट २ टक्के आहे. वीज ९०,००० च्या जागी ९५,४०० आली, ६ टक्के वाढ, सूट ५ टक्के. आणि फॅटमध्ये तूट. रोज १०,००० किलो दूध सरासरी ३.८ टक्के फॅटने घेतलं, म्हणजे ३८० किलो फॅट. टँकर मुख्य प्लांटवर ३.७ लागला, म्हणजे ३७० किलो. दहा किलोची तूट, साधारण २.६ टक्के, सूट अर्धा टक्का.

दहापैकी सहा मुलं स्टेशनरी निवडतात, कारण ३० हा आकडा सर्वात मोठा. पण तिथे महिन्याला १,२०० रुपये आहेत. फॅटचे किलोला ५०० रुपये धरले तर रोजचे ५,००० आणि महिन्याचे दीड लाख जातात. मजुरी महत्त्वाची आहे, पण सुटीच्या आत आहे, म्हणून तीही वर न्यायची नाही. उरले फॅट आणि वीज. हे दोन्ही निर्णायक बिंदू आहेत आणि दोन्ही सुटीबाहेर गेलेत. पेपरात उत्तर लिहिताना हा क्रम दिसला पाहिजे. आधी हा बिंदू निर्णायक का, मग विचलन सुटीबाहेर गेलंय का. आणि हे सगळं ‘विचलनाचं विश्लेषण’ या पायरीत येतं. दुरुस्ती ही त्यानंतरची पायरी आहे, ती इथे मिसळली की उत्तर विस्कटतं.

प्रश्न ओळखायची खूण अशी की ‘प्रत्येक बाबीवर नजर ठेवणं परवडत नाही, म्हणून यशाला महत्त्वाच्या बाबी निवडल्या’ असं असेल तर निर्णायक बिंदू. ‘ठरलेल्या मर्यादेबाहेरचीच प्रकरणं वरिष्ठांकडे गेली’ असं असेल तर अपवाद. एकाच परिच्छेदात दोन्ही असतील तर दोन्ही लिहा, आणि कुठल्या वाक्यावरून कुठलं, ते दाखवा.

पण अपवादाच्या पद्धतीला एक मोठी मर्यादा आहे आणि तिची किंमत आम्ही मोजली. टाकीचं तापमान आम्ही रात्री नऊला लिहायचो. मर्यादा ५ अंश होती. मार्चअखेरचे आकडे असे चालले होते: ३.८, ४.१, ४.४, ४.७. सगळे मर्यादेत, म्हणून कुणालाच फोन गेला नाही. त्याच महिन्यात विजेचं बिल चढलं होतं, पण ते मी वेगळ्या पानावर बघत होते. कॉम्प्रेसर सांभाळणारे मामा मला म्हणाले होते, “ताई, मशीन बंदच होईना झालंय, आधी तासाभरात थांबायचं.” मी तापमान बघितलं, मर्यादेत होतं, आणि पुढे गेले. कंडेन्सरच्या जाळीत रस्त्याची धूळ आणि उसाचा भुसा अडकला होता. यंत्र तेवढ्याच थंडाव्यासाठी जास्त वेळ चालत होतं. एप्रिलच्या एका संध्याकाळी दूध नेहमीपेक्षा जास्त आलं, आणि रात्रभर टाकी ९ अंशांच्या खाली आलीच नाही. सकाळी दुधाची आम्लता चढलेली होती, टँकर प्लांटच्या दारातून परत आला. मामांचं बोलणं मी अपवाद म्हणून वर न्यायला हवं होतं, ते नेलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यानंतर आम्ही मोजायचं मापच बदललं. शेवटचा कॅन ओतल्यापासून दोन तासांत टाकी ४ अंशांवर आली का, हे लिहायला लागलो. नऊ वाजताचं तापमान यंत्राची दमणूक लपवतं, थंड व्हायला लागलेला वेळ ती लगेच दाखवतो. आणि सलग तीन दिवस आकडा एकाच दिशेला सरकला, तर मर्यादेत असला तरी फोन करायचा, असं ठरलं.

आणखी एक गोष्ट मुलं विसरतात. सूट दोन्ही बाजूंनी धरायची असते. तूट झाली तर सगळे धावतात, पण जास्त निघालं तर खूश होतात. पुढच्या हिवाळ्यात आमचा फॅटचा ताळा उलटा आला. घेतलं ३८०, प्लांटवर लागलं ३८४. एक टक्का जास्त, म्हणजे सुटीबाहेर. साहेबांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “जास्तीचं दूध आकाशातून पडत नाही, गावं तपासा.” आम्ही प्रत्येक संस्थेचा नमुना आमच्या यंत्रावर पुन्हा लावला. रोज ८०० किलो दूध देणाऱ्या एका गावाच्या संस्थेत तपासणी यंत्र अर्धा पॉइंट कमी दाखवत होतं. ८०० चा अर्धा टक्का म्हणजे बरोबर चार किलो. इतके दिवस ती फॅट शेतकऱ्यांच्या पावतीवर लागत नव्हती. यंत्र जुळवून घेतलं आणि फरकाची रक्कम त्या गावच्या पुढच्या दहा दिवसांच्या बिलात जोडून दिली.