ऑफर स्वीकारतानाच परीक्षेची रजा आणि फी कशी मिळवली

पुण्यातल्या एका कंपनीची ऑफर आली, तेव्हा ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षा दीड महिन्यावर होती. फी 150 डॉलर, वर कर. फोनवर एचआर मॅडम म्हणाल्या, "पॉलिसी आहे, जॉइन झाल्यावर बघू." आधीच्या नोकरीत याच वाक्यावर विसंबलो होतो. तिथे प्रोबेशनमध्ये रजाच नाही म्हणून परीक्षेच्या दिवसाचा पगार कापला गेला.

या वेळी होकार कळवण्याआधी मेल केला: "पगार मान्य आहे. प्रोबेशनमध्येही परीक्षेसाठी दोन दिवस पगारी रजा द्यावी, ती वार्षिक रजेतून वजा होऊ नये. फीची भरपाई निकाल काहीही लागला तरी मिळावी. दोन्ही गोष्टी ऑफर लेटरमध्ये याव्यात."

रजा लगेच मान्य झाली. अडलं ते निकालावर. त्यांना पास झाल्यावरच पैसे द्यायचे होते. नापास झालं तर चौदा दिवस थांबून पुन्हा पूर्ण फी भरावी लागते, म्हणजे सगळी जोखीम माझ्याच गळ्यात. मी मधला मार्ग सुचवला: पहिल्या प्रयत्नाची फी बिनशर्त, दुसऱ्याची पास झाल्यावरच. तो चालला.

बदल्यात त्यांनी वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास फी परत, अशी अट घातली. मी ती उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात करून घेतली. सुधारित पत्र आल्यावरच सही केली. पावती मात्र परीक्षेच्या दिवशीच डाउनलोड करून ठेवली. अकाउंट्सवाल्यांना बँकेचा मेसेज चालत नाही.