भट्टीच्या रंगावरून तिचे तापमान कसे ओळखावे

विदर्भातल्या गावात कवेलू किंवा मडकी भाजण्याची छोटी बंदिस्त भट्टी असेल आणि तापमापक यंत्र परवडत नसेल, तर झरोक्यातून दिसणाऱ्या रंगावरून तापमान बऱ्यापैकी अचूक सांगता येते. मात्र त्यासाठी नजर आधी एखाद्या निश्चित खुणेवर बसवावी लागते. उघड्या आव्याला ही पद्धत लागू पडत नाही. चारी बाजूंनी बंद असलेली भिंत आणि तिच्यात बोटभर रुंदीचे एक छिद्र एवढे तरी हवेच.

बंद भट्टीचा मोठा फायदा असा की आतल्या भिंती, माल आणि तळ एकाच तापमानाला आले की पदार्थ कोणताही असो, सर्वांचा रंग सारखाच दिसतो. उघड्या मुशीतल्या वितळलेल्या पितळेचे तसे नसते. तिचा स्वच्छ, चकचकीत पृष्ठभाग प्रकाश कमी सोडतो म्हणून मंद दिसतो, आणि त्याच तापमानाची वर तरंगणारी मळी मात्र अधिक उजळ दिसते. म्हणून मुशीचे तापमान पाहायचे असेल तेव्हाही धातूकडे न पाहता मुशीच्या आतल्या खोलगट भिंतीकडे पाहावे.

पहिली लाली अंधारात साधारण ५२५ अंश सेल्सिअसला दिसते. ६५० च्या आसपास रंग काळपट लाल असतो, ७५० ला स्पष्ट लाल, ८०० च्या पुढे उजळ लाल, ९०० ला पळसाच्या फुलासारखा केशरी-लाल, ९५० ला पूर्ण केशरी आणि ११०० च्या सुमारास पिवळा. हे आकडे पाठ केल्याने काम भागत नाही, कारण आपली नजर भोवतालच्या उजेडाप्रमाणे बदलते. चैत्राच्या दुपारी उन्हातून आलेल्या माणसाला ८५० अंशांची भट्टी कोमट लाल वाटते आणि तो सरपण वाढवतच राहतो. तीच भट्टी रात्री पाहिली तर वाजवीपेक्षा तापलेली भासते. त्यामुळे भट्टीचा शेवटचा टप्पा दिवेलागणीनंतर येईल असा भरणा करावा आणि दर वेळी तेवढ्याच अंधुक उजेडात पाहावे.

आता खुणा कशा ठेवायच्या ते पाहू. समजा, कवेलू ९०० अंशांना भाजायचे आहेत. झरोक्यासमोर, भिंतीपासून वीतभर आत, दोन लहान मातीच्या पणत्या ठेवाव्यात. एकीत चिमूटभर बारीक दळलेल्या कोरड्या मिठाची ढिगोळी करावी. खडेमीठ तापताना तडतडून उडते, म्हणून ते टाळावे. दुसरीत शुद्ध चांदीचा छोटा तुकडा ठेवावा. दागिन्याची चांदी चालणार नाही, कारण तीत तांबे मिसळलेले असते आणि ती बरीच आधी वितळते. मीठ ८०१ अंशांना वितळते, तर शुद्ध चांदी भट्टीच्या हवेत साधारण ९५० ते ९६० च्या दरम्यान.

झरोक्यात पाहण्यापूर्वी नवे सरपण टाकणे थांबवून ज्योत विझू द्यावी, कारण पऱ्हाटी आणि तुराट्यांच्या पिवळ्या ज्वाळेचा रंग हा भिंतीचा रंग नव्हे, आणि बहुतेक चुका इथेच होतात. झरोक्यातून अचानक झळ बाहेर येऊ शकते, म्हणून चेहरा हातभर लांब ठेवून दोन-तीन सेकंदच पाहावे. वेल्डिंगची काच डोळ्यांना सुखावते, पण रंग बदलून टाकते.

भट्टी एकसारखी तापली की पणतीच्या कडाच दिसेनाशा होतात, म्हणून मीठ वितळले की नाही हे कळण्यासाठी झरोक्यातून प्रखर टॉर्चचा झोत टाकावा: ढिगोळीचे टोक जाऊन तिथे चकाकणारे पाणी दिसले, तर ८०१ अंश ओलांडले. त्याच क्षणी टॉर्च बाजूला करून भिंतीचा रंग मनात पक्का करावा. तो तुमचा, तुमच्या डोळ्यांचा, तुमच्या भट्टीचा ८०० चा रंग. पुढे आच सावकाश वाढवत केशरीची छटा चढू लागली आणि चांदीचा तुकडा अजून टोकदार असला, तर तुम्ही ८०० आणि ९५० च्या मध्ये आहात. ९०० साठी एवढी जागा पुरते. तुकडा गोळा होऊन बसला तर लगेच आच कमी करावी.

याला एक मर्यादा आहे. झरोका फक्त आपल्यासमोरचा थर दाखवतो. तळ आणि माथा यांत सहज ५० अंशांहून जास्त फरक पडतो. म्हणून शक्य असेल तर वर-खाली दोन झरोके ठेवावेत आणि दोन्हींत मिठाची पणती ठेवावी. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतील तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते, कारण ८५० च्या पुढे गेलेल्या थरातल्या खड्यांचा कळीचा चुना होतो, तो दमट हवेतले पाणी शोषून फुगतो आणि चांगला दिसणारा माल काही दिवसांनी टवके उडून फुटतो.