बिजागरीची अडकलेली पिन : या चुका टाळा

जड लाकडी दाराची पिन हलेना की बहुतेक लोक आधी हातोडी बदलतात आणि मोठी आणतात. माझ्या मते पहिली चूक तिथेच होते, कारण बऱ्याचदा पिन गंजाने नव्हे, तर दाराच्या वजनाने आवळलेली असते. दार कडीच्या बाजूला खाली ओढले जाते, बिजागरीच्या पुंगळ्या एकमेकींपासून तिरक्या होतात आणि मधली पिन चिमट्यात सापडते.

गावाकडच्या घरातले सागवानी दार तासण्यासाठी उतरवताना मीही घाई केली होती. वरची पिन हाताशी होती म्हणून तीच आधी काढली. दार लगेच बाहेर झुकले, सगळा ताण खालच्या बिजागरीवर आला आणि तिचे स्क्रू चौकटीतले लाकूड घेऊनच उपटले गेले. तासाभराच्या कामासाठी पुढे दोन दिवस चौकटीत लाकडी तुकडे बसवण्यात गेले. तेव्हापासून मी दार बंद करून कडीकडच्या कोपऱ्याखाली आणि बिजागरीच्या बाजूला अशा दोन पाचरी सरकवतो, खालच्या पिनेपासून सुरुवात करतो आणि वरची पिन शेवटी काढतो. पाचर थोडी थोडी आत सारताना पिनेचे डोके पकडीत धरून फिरवून पाहावे. ज्या क्षणी ते फिरू लागते, तिथे थांबावे. त्यापुढे दार उचलले तर पिन उलट बाजूने आवळली जाते.

दुसरी चूक खिळ्याची. टोकदार खिळा तसाच लावला तर तो पिनेच्या बुडावरून घसरून पुंगळीच्या कडेत रुततो. पिनेपेक्षा किंचित बारीक असा साधा चार इंची खिळा घेऊन त्याचे टोक कानशीने सपाट करावे, तो खालून पिनेच्या सरळ रेषेत धरावा आणि वरच्या दिशेने छोटे छोटे ठोके द्यावेत. काँक्रीटचा खिळा मात्र वापरू नये. तो कडक असल्याने त्याचा कपचा उडून डोळ्यात जाऊ शकतो.

पिन गंजलेली असल्यास तेल सोडून रात्रभर थांबावे. तेल घालून पाच मिनिटांत ठोकायला बसणाऱ्यांना काय सांगावे, हे मला अजून कळलेले नाही.

पिनेची दोन्ही टोके ठोकून पसरवलेली असतील, तर ती निघण्यासाठी बनवलेलीच नाही. तिथे स्क्रू काढावेत.

डोके अर्धा इंच वर आले की खिळा बाजूला ठेवावा आणि पिन पकडीने फिरवत ओढून घ्यावी. खिळ्यानेच शेवटपर्यंत ठोकत गेल्यास तो पुंगळीत शिरून बसतो, आणि मग पिनेऐवजी खिळा काढायचे काम मागे लागते.