टेपवर नसलेले सप्तमांश

भवानी पेठेतल्या सुतारकाकांना कपाटाच्या मापांची यादी दिली. सेंटिमीटरला २.५४ ने भागून एक्सेलमध्ये इंच काढले होते. ५९.५ सेंमीचे आले २३.४२५. सेलला `# ?/?` फॉरमॅट दिला, तर दिसलं २३ ३/७! काका म्हणाले, "ताई, टेपवर सातवा भाग असतो का?" खरंच, तो फॉरमॅट एका अंकाचा कुठलाही जवळचा छेद शोधतो.

मग आधी सोळांशात बसवलं:

```
=TEXT(MROUND(A2,1/16),"# ??/??")
```

आता २३ ७/१६ येतं, आणि ८/१६ असेल तिथे आपोआप १/२. शिवणकामाला १/८ पुरतो.

मात्र बेरीज मूळ दशांशांचीच करा. अशा चार फळ्या मिळून ९३ ११/१६ होतात. आधी प्रत्येक माप सोळांशात बसवून मग बेरीज केली तर ९३ ३/४.