सिल्व्हेस्टरचा नियम: चिन्हं मोजताना या चुका टाळा

रत्नागिरीत लिनिअर अल्जिब्रा शिकवताना दर पावसाळ्यात एकच चूक माझ्या टेबलावर येते. सममित मॅट्रिक्स दिलेली असते. प्रत्येक रो ऑपरेशनसोबत तेच कॉलम ऑपरेशन करून ती कर्णरूपात आणायची आणि कर्णावर किती धन, किती ऋण येतात ते सांगायचं असतं. सिल्व्हेस्टरचा नियम म्हणतो, हे कुठल्याही वाटेने केलं तरी धन, ऋण आणि शून्य यांची संख्या तीच राहते. मुलं सवयीने रो ऑपरेशन करत सुटतात, कॉलमना हात लावत नाहीत, आणि खाली उरलेली चिन्हं मोजून मोकळी होतात.

गेल्या पावसात राजापूरकडचा एक मुलगा भिजलेली वही घेऊन आला. हुशार आहे, पण घाई फार. गणित होतं `Q = 2xy + 2yz + 2zx`, आणि त्याची मॅट्रिक्स A अशी:

```
0 1 1
1 0 1
1 1 0
```

वर डाव्या कोपऱ्यात शून्य, म्हणून त्याने पहिल्या दोन रो अदलाबदल केल्या. मग तिसऱ्या रोतून पहिली वजा केली, नंतर दुसरी वजा केली. कर्णावर आलं `1, 1, -2`. "सर, दोन धन, एक ऋण."

मी म्हटलं, "अरे, डिटर्मिनंट काढ." आला २. रो आणि कॉलम जोडीने हलवले की रूपांतर PᵀAP असं असतं, म्हणून डिटर्मिनंटला det P च्या वर्गाने गुणलं जातं. त्याचं चिन्ह बदलूच शकत नाही. डिटर्मिनंट धन असेल तर ऋण चिन्हांची संख्या सम हवी. याच्याकडे एकच ऋण! अदलाबदलीने चिन्ह उलटलं आणि त्याला पत्ताच नाही. नुसत्या रो हलवणं म्हणजे एकाच बाजूने वल्हं मारणं: होडी हलते, पण भलतीकडे जाते.

ही सवय जात नाही, कारण अदलाबदल किंवा रोला गुणणं न करता फक्त वरच्या रोची पट खालच्या रोतून वजा केली, तर कर्णावरची चिन्हं बरोबरच येतात. तिथे कॉलमचं काम फक्त कर्णाच्या वरचे आकडे पुसण्यापुरतं असतं. म्हणून सोप्या गणितांत पूर्ण मार्क मिळतात आणि मुलांना वाटतं पद्धतच बरोबर.

कर्णावर सगळी शून्यंच असतील तर मी अदलाबदलीच्या वाटेला जात नाही. दुसरी रो पहिलीत मिळवतो, आणि पेन न उचलता दुसरा कॉलमही पहिल्यात मिळवतो:

```
2 1 2
1 0 1
2 1 0
```

आता कोपऱ्यात २ आहे. त्याने खालचं आणि उजवीकडचं साफ केलं की कर्णावर `2, -1/2, -2` राहतं. एक धन, दोन ऋण. गुणाकार २, म्हणजे डिटर्मिनंटशी जुळलं.

मुलाचा तरी विश्वास बसेना. मग त्याला `x + y + z = 0` या प्रतलावर नेलं. `(x+y+z)²` उलगडलं की तिथे Q म्हणजे `-(x²+y²+z²)`. अख्ख्या द्विमितीय प्रतलावर Q ऋण आहे. दोन धन असते, तर Q धन असणारं दुसरं एक प्रतल मिळालं असतं. त्रिमितीय अवकाशात मूळ बिंदूतून जाणारी दोन प्रतलं निदान एका रेषेत भेटतातच, आणि त्या रेषेवर Q एकाच वेळी धन आणि ऋण कसा असेल? सिल्व्हेस्टरने १८५२ मध्ये मांडलेल्या नियमाची सिद्धता हीच, फक्त मिती मोठ्या.

त्याची पुढची तक्रार: "मैत्रिणीच्या उत्तरात `2, -1, -1` आलंय." तिने आयगेनव्हॅल्यू काढल्या होत्या. दोघं बरोबर. आकडे पद्धतीप्रमाणे बदलतात, टिकते ती फक्त धन, ऋण आणि शून्य यांची संख्या. उत्तराचे आकडे जुळवत बसणाऱ्यांनी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावं.

मूळ मॅट्रिक्सच्या कर्णाकडे बघून निकाल देऊ नका. `x² + 4xy + y²` मध्ये कर्णावर दोन्ही १ आहेत, पण `x = 1, y = -1` ठेवलं की -२ येतं.

शून्यं मोजा. धन वजा ऋण एवढंच सांगितलं तर रँक कळत नाही: `x² - y²` आणि शून्य रूप, दोन्हीकडे वजाबाकी शून्यच.

वर डाव्या कोपऱ्यातून वाढत जाणाऱ्या मायनरांचा शॉर्टकट मला आवडत नाही, आणि मुलांना तोच सगळ्यात प्रिय. सगळे मायनर धन असतील तर रूप धन, हे खरं. पण "सगळे शून्य किंवा धन, म्हणजे रूप कुठे ऋण होत नाही" हे खोटं. `x` आणि `y` या दोन चलांत `-y²` घ्या: दोन्ही मायनर शून्य, आणि रूप मात्र ऋण. वरच्या Q चाही पहिला मायनर शून्यच आहे. तिथे मी मायनर सोडून सरळ रो-कॉलमची जोडी लावतो.

आणि PᵀAP मधल्या P मध्ये कॉम्प्लेक्स संख्या चालत असतील तर चिन्हं मोजूच नका. `y` च्या जागी `iy` ठेवलं की `-y²` चं `+y²` होतं, आणि हातात फक्त रँक राहते.