फ्रँचायझी करार दोन पानांत कसा उतरवावा: शुल्क, क्षेत्र, प्रशिक्षण आणि बाहेर पडण्याच्या अटी

फ्रँचायझीचा करार बहुधा तीस-चाळीस पानांचा, इंग्रजीत आणि कंपनीच्या वकिलाने कंपनीची बाजू सांभाळून लिहिलेला असतो. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे सही करण्यापूर्वी व्यवसायाची ठरावीक माहिती ठरावीक नमुन्यात देण्याचे बंधनही कंपनीवर नाही, आणि सगळा व्यवहार मुख्यतः १८७२ च्या भारतीय करार कायद्यावर चालतो. म्हणजे करारात जे लिहिले आहे तेच तुमच्या हाती उरते. ते दोन पानांत, आपल्या भाषेत आणि कलम क्रमांकांसह कसे मांडावे, हे एका उदाहरणाने पाहू.

उदाहरण काल्पनिक असले तरी त्यातील अटी अशा करारांत नेहमी आढळणाऱ्या आहेत. नाशिकच्या कॉलेज रोडवर ३०० चौरस फुटांच्या गाळ्यात चहा-कॉफी आणि नाश्त्याचे दुकान काढायचे आहे. फ्रँचायझी शुल्क ५ लाख रुपये, अनामत २ लाख, रॉयल्टी विक्रीच्या ६ टक्के, जाहिरात निधी २ टक्के, कराराची मुदत ५ वर्षे आणि लॉक-इन, म्हणजे ज्याआधी बाहेर पडल्यास भरपाई द्यावी लागते तो काळ, ३ वर्षांचा.

वाचायला कुठून सुरुवात करावी

करार पहिल्या पानापासून वाचू नये. आधी व्याख्यांचे कलम आणि शेवटची परिशिष्टे वाचावीत, कारण आकडे तिथेच असतात आणि शब्दांचे खरे अर्थही तिथेच ठरतात. परिशिष्टात क्षेत्राचा नकाशा किंवा उपकरणांची यादी यांची जागा कोरी असेल, तर सारांशात ती रिकामी न सोडता ‘परिशिष्ट कोरे’ असे लिहावे. त्यानंतर थेट करार संपुष्टात येण्याची कलमे वाचावीत. शुल्क, क्षेत्र आणि प्रशिक्षण यांतील प्रत्येक चुकीचा परिणाम शेवटी याच कलमांत दिसतो. ती आधी डोक्यात असली की बाकीचा करार वाचताना नजर योग्य ठिकाणी थांबते.

सारांशासाठी कागदावर चार रकाने आखावेत: करार काय म्हणतो, कलम क्रमांक, माहितीपत्रकात किंवा विक्री प्रतिनिधीने काय सांगितले, आणि आपला प्रश्न. तिसरा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो, पण माझ्या मते तोच सर्वांत उपयोगी आहे. बहुतेक करारांत एक कलम असे असते की, हा लेखी दस्तऐवज म्हणजेच संपूर्ण करार असून आधीची तोंडी किंवा लेखी आश्वासने त्यात धरलेली नाहीत. प्रतिनिधीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले ‘अठरा महिन्यांत भांडवल वसूल’ हे वाक्य या एका कलमामुळे जवळजवळ निरुपयोगी ठरते, म्हणून दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसायला हव्यात.

शुल्क: टक्केवारी नको, महिन्याचा आकडा लिहा

शुल्काची कलमे एका जागी नसतात. रॉयल्टी एका कलमात, जाहिरात निधी दुसऱ्यात, बिलिंग सॉफ्टवेअरचे मासिक भाडे तिसऱ्यात आणि नूतनीकरणाचे शुल्क अगदी शेवटी असते. पूर्ण करारात रुपया किंवा टक्का जिथे जिथे आला आहे तिथे खूण करून ते सर्व एका ठिकाणी आणावे, आणि मग महिन्याच्या अपेक्षित विक्रीवर हिशेब करावा.

आपल्या उदाहरणात महिन्याची विक्री ४ लाख रुपये धरली, तर ६ टक्के रॉयल्टी २४,००० होते. पण त्याच कलमाच्या तिसऱ्या उपकलमात ‘किमान मासिक रॉयल्टी २५,००० रुपये’ असे लिहिलेले आहे, म्हणून २५,००० द्यावेच लागतील. जाहिरात निधीचे ८,००० मिळवून ३३,००० झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी ५,९४० रुपये, म्हणजे एकूण ३८,९४० रुपये. विक्रीच्या जवळपास पावणेदहा टक्के. पावसाळ्यात विक्री अडीच लाखांवर आली तर किमान रॉयल्टी तशीच राहते आणि हाच बोजा ३५,४०० रुपये, म्हणजे विक्रीच्या १४ टक्क्यांहून अधिक होतो. सारांशात ‘रॉयल्टी ६ टक्के’ एवढेच लिहिणारा माणूस या महिन्याची तयारी करत नाही.

जीएसटीची बाब खाद्यपदार्थांच्या दुकानासाठी विशेष महत्त्वाची आहे. ग्राहकाकडून ५ टक्के दराने कर घेणाऱ्या उपाहारगृहाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे रॉयल्टीवरचा १८ टक्के कर हा आपला खर्चच ठरतो आणि ५ लाखांचे फ्रँचायझी शुल्क प्रत्यक्षात ५ लाख ९० हजारांना पडते. आपल्या दुकानाला कोणता दर लागतो हे सनदी लेखापालाकडून आधी तपासून घ्यावे.

यानंतर ‘विक्री’ या शब्दाची व्याख्या सारांशात जशीच्या तशी उतरवावी. अनेक करारांत एकूण विक्री म्हणजे मेनूवरील दराने झालेली विक्री. घरपोच सेवा देणाऱ्या अ‍ॅपवर ३०० रुपयांच्या मागणीवर ६० रुपयांची सवलत दिली आणि वर अ‍ॅपचे कमिशनही कापले गेले, तरी रॉयल्टी ३०० वरच मोजली जाऊ शकते. सवलत, कमिशन, परत आलेल्या मागण्या आणि ग्राहकाकडून घेतलेला जीएसटी या चार गोष्टी विक्रीतून वगळल्या आहेत का, हे स्वतंत्रपणे नोंदवावे.

कंपनीकडूनच घ्यावयाचा कच्चा माल हेही एक शुल्कच आहे, फक्त त्याला तसे नाव नसते. कलमात ‘कंपनी वेळोवेळी कळवील त्या दराने’ असे असेल, तर प्रश्नाच्या रकान्यात दरवाढीला मर्यादा आहे का आणि स्थानिक पुरवठादार चालेल का, असे लिहावे.

क्षेत्र: वर्तुळात काय बसते

‘दुकानापासून २ किलोमीटर त्रिज्येत दुसरे दुकान देणार नाही’ हे वाक्य भरघोस वाटते. त्रिज्या सरळ रेषेत मोजली जाते. कॉलेज रोडभोवतीच्या अशा वर्तुळात गंगापूर रोडचा मोठा भाग येतो आणि गोदावरीपलीकडचाही काही भाग येतो, जिथून आपल्याकडे रोज ग्राहक येईलच असे नाही. उलट ज्या इंदिरानगरमधून मागण्या येतील अशी आपली अपेक्षा आहे ते वर्तुळाबाहेर राहू शकते. म्हणून नकाशावर वर्तुळ काढून त्यातील वस्त्यांची नावे सारांशात लिहावीत, नुसते किलोमीटर लिहू नयेत.

मग कंपनीने स्वतःसाठी काय राखून ठेवले आहे ते पाहावे. मॉलमधील काउंटर, रेल्वे स्थानक, रुग्णालयातील स्टॉल, फक्त घरपोच सेवेसाठीचे स्वयंपाकघर आणि कंपनीची स्वतःची ऑनलाइन विक्री हे सहसा ‘दुकान’ या व्याख्येतून वगळलेले असतात. नाशिकसाठी आणखी एक प्रश्न हवाच: २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात लागणारे तात्पुरते स्टॉल या संरक्षणात येतात की नाही? करार याबाबत गप्प असेल तर सारांशात ‘करार गप्प’ असे स्पष्ट लिहावे, कारण न लिहिलेले संरक्षण मिळाले असे गृहीत धरता येत नाही. विक्रीचे लक्ष्य चुकल्यास क्षेत्राचा एकाधिकार आपोआप संपतो का, हेही याच भागात नोंदवावे.

प्रशिक्षण

येथे इंग्रजी क्रियापद पाहावे. ‘शॅल’ असेल तर ते कंपनीवरील बंधन आहे, ‘मे’ असेल तर ती कंपनीची मर्जी आहे. सारांशात अनुक्रमे ‘देईल’ आणि ‘देऊ शकेल’ असे लिहावे. उदाहरणातील करारानुसार कंपनी दोन व्यक्तींना १० दिवस आपल्या केंद्रावर प्रशिक्षण देईल, प्रवास व निवास फ्रँचायझीधारकाचा, आणि उद्घाटनानंतर ‘आवश्यक वाटल्यास’ एक प्रशिक्षक पाठवू शकेल. म्हणजे बंधनकारक फक्त पहिले दहा दिवस आहेत. स्वयंपाकी सहा महिन्यांत काम सोडून गेला तर नव्याच्या प्रशिक्षणाचे पैसे किती, हे लेखी विचारावे. कार्यपद्धतीची पुस्तिका कराराचा भाग मानली जाते आणि कंपनी ती एकतर्फी बदलू शकते, म्हणून ती सहीपूर्वी पाहायला मागावी.

बाहेर पडण्याच्या अटी

या भागाला सारांशाचे अर्धे पान द्यावे आणि एक प्रसंग रुपयांत मांडावा. समजा, विसाव्या महिन्यानंतर दुकान बंद करावे लागले. लॉक-इनचे १६ महिने उरले आहेत आणि करार म्हणतो की, उरलेल्या महिन्यांची किमान रॉयल्टी द्यावी लागेल. म्हणजे १६ गुणिले २५,००० बरोबर ४ लाख रुपये, त्यातून २ लाखांची अनामत वळती होईल, आणि भरलेले फ्रँचायझी शुल्क परत मिळणार नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. पण अनामत कंपनीच्या हातात असल्यामुळे दाद मागण्याची धावपळ तुमच्या वाट्याला येते. त्यात लवाद दिल्लीत होणार असे कलम असेल, तर दोन लाखांसाठी तिथे कोण जाणार, हा विचार सहीपूर्वीच करावा.

नोटीस दोन्ही बाजूंनी तपासावी. कंपनी ३० दिवसांच्या नोटिशीने करार संपवू शकते आणि फ्रँचायझीधारकाला मात्र तसा हक्कच नाही, हे वारंवार आढळते. चूक सुधारायला किती दिवस मिळतात, तेही लिहावे.

करार संपल्यानंतर दोन वर्षे तसाच व्यवसाय करायचा नाही, या अटीला लोक सर्वांत जास्त घाबरतात. करार कायद्याच्या कलम २७ मुळे मुदतीनंतरची अशी बंदी सामान्यतः टिकत नाही. मुदत चालू असतानाची बंदी मात्र टिकू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला प्रकरणात ते स्पष्ट केले. ब्रँडचे नाव, रंगसंगती आणि पाककृती वापरण्यावरील बंदी वेगळी आहे व ती पाळावीच लागते. सारांशात या दोन गोष्टी एकत्र करू नयेत.

दुकान दुसऱ्याला विकायचे झाल्यास कंपनीची संमती, हस्तांतर शुल्क आणि कंपनीचा पहिला खरेदीहक्क या तिन्हींचे कलम क्रमांक लिहावेत. शेजारीच गाळ्याच्या भाडेकराराची मुदत लिहावी. फ्रँचायझी ५ वर्षांची आणि गाळा ३ वर्षांचा असेल, तर चौथ्या वर्षी मालकाने गाळा सोडायला सांगितल्यावर जागा बदलण्याची परवानगी आणि तिचा खर्च कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

शेवटी चौथ्या रकान्यातील प्रश्न क्रमांक देऊन कंपनीला ईमेलने पाठवावेत. आलेले होकारार्थी उत्तर ईमेलमध्येच राहू देऊ नये. ‘संपूर्ण करार’ कलमामुळे ते दोन्ही बाजूंच्या सहीच्या पुरवणी करारात यायला हवे. ‘आमचा करार ठरावीक आहे, बदल होत नाही’ असे उत्तर आले तर तेही तारखेसह रकान्यात लिहावे आणि सारांश मूळ करारासह वकिलाला दाखवावा. कलम क्रमांक तयार असल्यामुळे वकिलाला चाळीस पाने चाळत बसावे लागत नाही, आणि तुम्हाला ज्या तीन-चार अटींवर खरा सल्ला हवा आहे त्यांच्यावरच त्याचा वेळ जातो.